पार्ल्यातल्या छोट्या हॉटेलात गाण्याची संध्याकाळ: किती खर्च, किती जास्तीचे कव्हर

प्रश्न: "पार्ले पूर्वेला आमचं ५६ खुर्च्यांचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे. बुधवारी रात्री जेमतेम ४० कव्हर, म्हणजे जेवणारी ४० माणसं, होतात, शनिवारी १२० पर्यंत जातात. माणशी बिल साधारण ५००. जुन्या मराठी-हिंदी गाण्यांची लाइव्ह संध्याकाळ करायची आहे. तिघांच्या संचाने ११ हजार सांगितलेत, साउंड वेगळा. शनिवारी ठेवू की बुधवारी? एकूण खर्च किती धरू, जाहिरात कशी करू आणि किती जास्तीचे कव्हर आले तर परवडेल?"

उत्तर:

शनिवारचा विचार आधी बाजूला ठेवा. गाणं सुरू असलं की माणूस उठत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण शनिवारी तुमचा गल्ला टेबल फिरण्यावर चालतो. सध्या एक कुटुंब तासाभरात जेवून उठतं आणि दारात उभं असलेलं पुढचं कुटुंब बसतं. त्याच टेबलावर गाण्यामुळे दीड तास गेला तर रात्रीत तीन पंगतींच्या जागी दोनच होतात. गर्दी दिसेल, टाळ्या पडतील आणि रात्री हिशेब केल्यावर नेहमीच्या शनिवारपेक्षा कमी पैसे हातात असतील. किती कमी, ते पुढे आकड्यांत दाखवतो. संगीत रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी वापरायचं असतं, आणि तुमच्याकडे त्या बुधवारी आहेत.

हिशेबाला सुरुवात माणशी बिलापासून करू नका. बिलातून त्या पाहुण्यामुळेच झालेला खर्च वजा करून जे उरतं, ते घ्या. ५०० च्या बिलात ३५ टक्के फूड कॉस्ट धरली तर १७५ रुपये जातात. गॅस, नॅपकिन, धुलाई, कार्डाचं शुल्क यांचे २५ धरा. उरले ३००. भाडं आणि पगार तुम्ही तसेही भरताय, म्हणून ते या हिशेबात आणायचे नाहीत. म्हणजे आजचा साधा बुधवार ४० कव्हर गुणिले ३०० असे १२,००० रुपये देतो. कार्यक्रमाच्या रात्रीने आपला सगळा खर्च भागवून निदान एवढं तरी दिलं पाहिजे, नाहीतर गाणं नसताना तुम्ही बरे होतात.

आता तुमच्या मनातला कार्यक्रम मांडू. तिघा कलाकारांचे ११,०००. साउंडचं भाडं ४,००० धरलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. हा कर अनेक जण विसरतात. तुम्ही ५ टक्क्यांच्या रचनेत असलात तर इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे साउंडवाल्याला दिलेला कर हा तुमचा निव्वळ खर्च असतो. कलाकारांचं जेवण आणि टॅक्सी १,२००, त्या रात्रीपुरता एक जास्तीचा वेटर ९००, जाहिरात २,०००. परवाने आणि गाण्यांचं हक्कशुल्क यांचा एका रात्रीचा वाटा मी २,००० धरतोय, तुमचा खरा आकडा लेखी मागवून घ्या आणि तो इथे घाला. बेरीज २१,८२०. त्यात साध्या बुधवारचे १२,००० मिळवले की ३३,८२०. माणशी ३०० उरत असतील तर एवढे मिळवायला ११३ कव्हर लागतात.

आणि इथेच बहुतेकांचं गणित कागदावरच राहतं, कारण खुर्च्या कोणी मोजत नाही. कलाकारांना बसायला कोपरा लागेल, त्यासाठी दोन टेबलं जातील. ५६ च्या ४८ खुर्च्या झाल्या. चार जणांच्या टेबलावर दोघं-तिघंही बसतात, त्यामुळे 'फुल्ल' असलेल्या हॉलमध्येही साधारण ८० टक्केच खुर्च्या भरलेल्या असतात. म्हणजे एका वेळी ३८ माणसं. गाण्याच्या रात्री दोनच पंगती होतात, म्हणून तुमची कमाल मर्यादा ७६. तिथे ११३ कुठून आणणार? हा कार्यक्रम या रूपात तुमच्या जागेत बसत नाही, गायक कितीही चांगला असला तरी.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: खर्च कमी करा. तो कराच. स्वतः हार्मोनियम वाजवत गाणारा किंवा गाणारी आणि सोबत तबला, एवढं तुमच्या हॉलला पुरतं. ५,००० आणि ३,००० असे ८,००० धरू. साउंडही छोटा घ्या: दोन लहान स्पीकर, एक छोटा मिक्सर, तीन माइक. २,००० आणि कर मिळून २,३६०. जेवण-टॅक्सी ८००, वेटर ९००, जाहिरात १,०००, परवान्यांचे २,०००. एकूण १५,०६०. जवळजवळ सात हजार वाचले. तरीही साध्या बुधवारचे १२,००० मिळवून २७,०६० होतात आणि ३०० ने भागल्यावर ९१ कव्हर येतात. मर्यादा ७६. म्हणजे स्वस्त कलाकार आणूनही नेहमीच्या मेन्यूवर हा कार्यक्रम पैसे देत नाही.

खरा फरक मेन्यूने पडतो. त्या रात्रीसाठी एकच ठरलेलं ताट ठेवा, गाण्यासह एकच किंमत, मोठ्यांना ७५० आणि लहान मुलांना कमी. मुलं धरून माणशी सरासरी ७०० पडेल. ठरलेल्या ताटात खरेदी नेमकी होते, वाया कमी जातं, त्यामुळे पदार्थ आणि इतर खर्च मिळून माणशी २२५ च्या आत ठेवता येतो. उरतात ४७५. आता २७,०६० भागिले ४७५ म्हणजे ५७ कव्हर. हे तुमच्या जागेत बसतं. ६५ आले तर साध्या बुधवारपेक्षा ३,८१५ रुपये जास्त, पूर्ण ७६ भरले तर ९,०४० जास्त. आणि ४८ च आले तर ४,२६० रुपयांचा फटका. ही तिन्ही उत्तरं लिहून भिंतीवर लावा, म्हणजे ठरवताना मन भलतीकडे जाणार नाही.

आता याच आकड्यांवर शनिवार बघा. ७६ कव्हर गुणिले ४७५, वजा १५,०६०, उरले २१,०४०. नेहमीचा शनिवार १२० गुणिले ३०० असे ३६,००० देतो. हाउसफुल्ल गाण्याचा शनिवार तुम्हाला जवळजवळ १५ हजारांनी मागे टाकतो.

५७ म्हणजे फक्त १७ जास्तीचे कव्हर असं वाटेल, पण ते तसं नाही. बुधवारी येणाऱ्या ४० जणांत असे असतात ज्यांना थालीपीठ आणि ताक घेऊन अर्ध्या तासात घरी जायचं असतं. साडेसातशेचं ताट बघून त्यातले दहा जण परत गेले असं धरा. मग नव्याने २७ माणसं आणावी लागतील. त्या दहा जणांना दुखवू नका. आदल्या आठवड्यातच टेबलावर सांगा, "पुढच्या बुधवारी गाण्याचा कार्यक्रम आहे, साडेसहापर्यंत आलात तर नेहमीचा मेन्यू मिळेल." ही माणसं तुमचे बाकीचे सगळे बुधवार सांभाळतात.

वेळ अशी बांधा. पहिली पंगत ७ ते ८.२५, दुसरी ८.४५ ते १०.१५. गाणं ७.१५ ला सुरू, ८.१० ला पहिला भाग संपवा, कारण गाणं थांबल्याशिवाय लोक बिल मागत नाहीत. दुसरा भाग ८.५५ ते ९.४५. बुकिंग घेतानाच वेळ स्पष्ट सांगायची: "आपलं टेबल सव्वाआठ-साडेआठपर्यंत आहे." आधी सांगितलं तर कोणाला राग येत नाही, ताट संपत आल्यावर सांगितलं तर येतो. पहिल्या पंगतीला ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलांची कुटुंबं येतात, दुसरीला अंधेरी-बीकेसीहून लोकलने परतणारे. त्यामुळे फोनवर वयाचा आणि ऑफिसचा अंदाज घेऊन पंगत सुचवता येते.

स्वयंपाकघरावर ताण येतो तो मध्यंतरात. तासभर कोणी काही मागत नाही आणि गाणं थांबल्याबरोबर दहा टेबलांच्या केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकदम आत जातात. ठरलेल्या ताटाचा दुसरा फायदा इथे मिळतो. गरम करायच्या दोन गोष्टी सोडल्या तर सगळं तयार असतं. श्रावणात करत असाल तर अळूचं फदफदं, वालाचं बिरडं, मसालेभात, पुरी, नारळीभात असं काही ठेवा. हिवाळ्यात वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, उंधियूसारखी पातेल्यात टिकणारी भाजी चालते. जागच्या जागी तळायचे पदार्थ एकाहून जास्त नकोत. गाणं चालू असताना मिक्सर बंद, हे आचाऱ्याला दुपारीच सांगा. चटण्या पाचच्या आत वाटून झाल्या पाहिजेत.

आवाजाकडे नीट लक्ष द्या, कारण तुमच्यावर लोक राहत असतील. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आतला भाग शांतता क्षेत्रात येऊ शकतो, तिथे मर्यादा आणखी कडक आहे. बंद सभागृहांना रात्री थोडी सूट असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. मी गाणं ९.४५ ला थांबवायला सांगतो ते याचसाठी. स्पीकर दाराकडे तोंड करून ठेवू नका, आतल्या भिंतीकडे ठेवा. एक मोठा स्पीकर जोरात लावण्यापेक्षा दोन लहान हळू लावले की शेवटच्या टेबलापर्यंत शब्द पोचतो आणि पहिल्या टेबलाला त्रास होत नाही. साउंड चेक साडेपाचला, रिकाम्या हॉलमध्ये. शेवटच्या टेबलावर बसून शेजाऱ्याशी नेहमीच्या आवाजात बोला. ओरडावं लागलं तर आवाज जास्त आहे. मग बाहेर जाऊन जिन्यात पहिल्या मजल्यावर उभे राहा. तिथे तबल्याचे बोल ऐकू आले तर डग्ग्याचा माइक काढून टाका. खालचे सूर भिंतीतून वर जातात, आणि तक्रार बहुतेक त्यांचीच होते. स्पीकरमधून घरघर येत असेल तर मिक्सरचा प्लग फ्रीज ज्या लाइनवर आहे तिथून काढून दुसऱ्या लाइनवर लावून बघा.

परवान्यांचं काम महिनाभर आधी सुरू करा. खाद्यगृहाचा परवाना आहे म्हणून गाण्याचा कार्यक्रम त्यात येतो असं नाही. मुंबईत सार्वजनिक करमणुकीला पोलिसांची वेगळी परवानगी लागते, त्यासाठी तुमच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन बसा. कलाकारांची नावं, वेळ, आवाजाची व्यवस्था हे सगळं लेखी द्या. पाहुण्यांनी कलाकारांवर पैसे उधळायचे नाहीत हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, एकदाही अपवाद करू नका. मुंबईत त्या दृश्याचा अर्थ वेगळा घेतला जातो आणि कौटुंबिक हॉटेलचं नाव त्यात अडकायला नको.

गाण्यांच्या हक्कांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कलाकार प्रत्यक्ष गातो तेव्हा गीतकार आणि संगीतकारांचा हक्क येतो, त्याचा परवाना आयपीआरएसकडून मिळतो. मध्यंतरात तुम्ही ध्वनिमुद्रित गाणी लावलीत, किंवा गायक ट्रॅकवर गायला, तर ध्वनिमुद्रणाचा हक्कही येतो, तिथे पीपीएलसारख्या संस्था किंवा त्या कंपन्या स्वतः येतात. म्हणून मी हार्मोनियम-तबल्यावर गाणारे कलाकार घ्यायला सांगतो आणि मध्यंतरात काही वाजवू नका असंही सांगतो. लोकांना त्या वेळी बोलायचंच असतं. आपल्याकडे गीत-संगीतावरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. "अभंग तर तुकारामांचे, त्याला कसला परवाना" असं गायक म्हणेल. शब्द तुकारामांचे, पण आपण ज्या चालीत ऐकत मोठे झालो ती चाल बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते. गाण्यांची यादी कलाकाराकडून आठ दिवस आधी घ्या, परवान्यालाही ती लागते.

कलाकाराशी बोलणं साधं पण लेखी असू द्या: तारीख, दोन भागांच्या वेळा, पैसे, अर्धी रक्कम आगाऊ, आवाज बसला तर बदली कोण येणार. कार्यक्रम संपल्यावर उरलेले पैसे त्याच रात्री द्या. आणि जेवण आधी विचारा. गाण्यापूर्वी बरेच जण जेवत नाहीत, मग रात्री सव्वादहाला स्वयंपाकघर आवरलेलं असतं आणि ज्यांच्यासाठी लोक आले तेच उपाशी घरी जातात. त्यांची ताटं बाजूला काढून ठेवायला सांगा.

आता जाहिरात. पार्ल्यात तुमचा श्रोता आधीच तयार आहे. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात आणि लोकमान्य सेवा संघात कार्यक्रमांना जाणारी माणसं तुमच्या चालत्या अंतरावर राहतात. त्यांच्यापर्यंत पोचायला पैसे कमी आणि फोन जास्त लागतात. चौदा दिवस आधी प्रत्येक टेबलावर छोटं कार्ड आणि बिलाच्या फोल्डरमध्ये चिठ्ठी ठेवा. दहा दिवस आधी गायकाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत तुमच्याच हॉलमध्ये, मोबाइलवर काढा. लोकांना जागा आणि आवाज दोन्ही एकत्र दिसले पाहिजेत. ती इन्स्टाग्रामवर आणि गूगलवरच्या तुमच्या पानावर टाका, आणि गायकालाही टाकायला सांगा, त्याचे विद्यार्थी आणि नातेवाईक तिथूनच येतात. सात दिवस आधी ज्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश, सोसायट्यांच्या ग्रुपवर ओळखीच्या सदस्याकडून. संदेशात तारीख, दोन्ही पंगतींच्या वेळा, ताटातले पदार्थ, किंमत आणि फोन नंबर, एवढंच. किंमत लपवू नका. बिलात नंतर 'म्युझिक चार्ज' दिसला तर तो पाहुणा परत येत नाही.

बुकिंगला माणशी २०० रुपये आगाऊ घ्या, बिलात वळते करायचे. पैसे न घेता साठ नावं लिहिलीत तर पाऊस पडल्यावर त्यातली किती येतील याचा नेम नसतो. प्रत्येक बुकिंगसमोर "कुठून कळलं" हे एका शब्दात लिहा: कार्ड, ग्रुप, गायक, गूगल. पुढच्या वेळी जाहिरातीचे हजार रुपये कुठे घालायचे ते ही वहीच सांगेल. तीन दिवस आधी आगाऊ पैसे आलेले ३५ पेक्षा कमी असतील तर ५७ गाठणं कठीण आहे असं समजा आणि त्या तीन दिवसांत ओळखीच्या लोकांना स्वतः फोन करा. बुधवारी असे सहज चालत येणारे वीसच्या वर धरू नका.

तारीख निवडताना कालनिर्णय आणि क्रिकेटचं वेळापत्रक दोन्ही समोर ठेवा. संकष्टीला लोक चंद्रोदयानंतर घरी जेवतात. नवरात्रात उपास असतात. आयपीएलचे संध्याकाळचे सामने साडेसातला सुरू होतात, मुंबईचा सामना असेल तर पहिली पंगत रिकामी जाते. जुलैत भरतीच्या आणि मुसळधार पावसाच्या दिवशी लोकल थांबली की दुसरी पंगत गेली. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा, पगारानंतरचा पहिला किंवा दुसरा बुधवार घ्या. उलट श्रावण तुमच्यासाठी चांगला आहे, एरवी मासे-मटणाच्या हॉटेलांत जाणारी कुटुंबं त्या महिन्यात शाकाहारी ताट शोधत असतात.

पहिल्या रात्रीच्या आकड्यावर काही ठरवू नका. तेव्हा गायकाचे नातेवाईक, तुमचे मित्र, शेजारचे दुकानदार सगळे येतात आणि ६५-७० सहज होतात. दुसऱ्या वेळी आकडा घसरतो. तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीचा आकडा हा खरा. म्हणून दर आठवड्याला करू नका. महिन्यातून एकदा, चार महिने, आणि मग निर्णय. या चार रात्रींसाठी वाईटात वाईट धरून १७-१८ हजारांचा तोटा सोसायची तयारी असेल तरच सुरुवात करा.

मोजताना फक्त बुधवार बघू नका, तो आख्खा आठवडा बघा. शुक्रवारी येणारं कुटुंब गाण्यासाठी बुधवारी आलं तर वहीत बुधवारी चार कव्हर वाढलेले दिसतात आणि शुक्रवारी चार कमी होतात, आठवड्यात काहीच वाढलेलं नसतं. आधीच्या चार आठवड्यांची सोमवार ते रविवार सरासरी काढा आणि कार्यक्रमाचा आठवडा तिच्याशी ताडून बघा. समजा बुधवारी ६५ कव्हर झाले, पण बाकीच्या सहा दिवसांत मिळून १० कमी झाले. त्या दहांचे ३,००० रुपये गेले, म्हणजे ३,८१५ मधले ८१५ च खरे. त्याच वेळी दुसरी नोंदही ठेवा: कार्यक्रमाला पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण पुढच्या महिनाभरात साध्या दिवशी परत आले. बुकिंगच्या वहीत नंबर आहेत, ते बिलांशी जुळवता येतात. रात्र बरोबरीत सुटली तरी दहा-बारा नवी कुटुंबं परत येऊ लागली असतील, तर मी तो कार्यक्रम चालू ठेवेन. चौथ्या रात्रीनंतर तशी परत येणारी माणसं नसतील आणि आकडा ५७ च्या खाली असेल तर गाणं थांबवा, पण ते ताट ठेवा. कलाकार आणि साउंडचे १०,३६० वाचतात, शिवाय हक्कशुल्क नाही, कोपऱ्यातली दोन टेबलंही परत मिळतात. खानदेशी किंवा कोकणी ताटाचा बुधवार ५०० च्या जागी ६०० माणशी बिलावरही तुमच्या हॉलला चालतो आणि त्याला पोलिसांचा कार्यक्रमाचा परवाना लागत नाही.